कपाशीवरची फवारणी: वारा, ऊन आणि सर

पाठीवरच्या पंपाच्या नोझलमधून बाहेर पडणारे थेंब एकाच आकाराचे नसतात. काही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात, तर काही इतके बारीक की डोळ्यांना नुसते धुके दिसावे. फवारणीसाठी कोणती वेळ योग्य, याचे उत्तर बरेचसे या बारीक थेंबांच्या वागण्यात आहे. ताशी सुमारे ५ किलोमीटरचा मंद वारा असताना ३ मीटर उंचीवरून ४०० मायक्रॉनचा थेंब सोडला, तर तो दोन सेकंदांत, जेमतेम अडीच मीटर सरकून जमिनीवर येतो. १०० मायक्रॉनच्या थेंबाला दहा सेकंद लागतात आणि तो १३ मीटर पुढे जातो. २० मायक्रॉनचा थेंब चार मिनिटे तरंगत राहतो आणि ३०० मीटरहून अधिक दूर उतरतो. पंपाचे नोझल एवढ्या उंचीवर नसते हे खरे, पण प्रमाण तेच राहते. म्हणून दाब वाढवून फवारा अधिक ‘धुक्यासारखा’ करण्याची हौस महाग पडते. झाड चांगले भिजल्यासारखे दिसते आणि औषधाचा एक हिस्सा बांध ओलांडून जातो.

कपाशीच्या बाबतीत हा प्रश्न दोन्ही बाजूंनी भिडतो. विदर्भात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि पुढे बोंडअळीसाठी फवारणी करावी लागते. तोवर पीक कमरेच्या वर, कधी छातीपर्यंत आलेले असते, म्हणजे फवारा माणसाच्या तोंडाच्या उंचीला येतो. दुसरीकडे कपाशी स्वतः शेजारच्या फवाऱ्याला फार हळवी आहे. जवळच्या उसात किंवा ज्वारीत मारलेल्या २,४-डी या तणनाशकाचा अंशही तिच्यावर आला, तर नवी पाने रुंद न होता भेंडीच्या पानांसारखी चिरलेली, लांबट निघतात. द्राक्षवेलीवरही त्याचा असाच परिणाम होतो.

वाऱ्याबाबत सर्वसाधारण मर्यादा ताशी ३ ते १५ किलोमीटर अशी धरली जाते. पोकळ शंकूच्या आकाराचा बारीक फवारा देणारे नोझल असेल, तर १० च्या आतच थांबलेले बरे. हा वेग उपकरणाशिवायही ओळखता येतो. चेहऱ्याला वारा जाणवतो आणि पाने सळसळतात, तेव्हा तो ६ ते ११ च्या दरम्यान असतो. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या की तो १२ च्या पुढे गेलेला असतो. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, म्हणजे २० ओलांडले. तेव्हा पंप खाली ठेवावा. हवामान अंदाजातला वेग जमिनीपासून १० मीटर उंचीचा असतो. माणसाच्या उंचीला तो साधारण पाऊणपट भरतो. मात्र अंदाजातला आकडा सरासरीचा असतो आणि झोत त्याहून जोरात येतात, त्यामुळे या पाऊणपटीच्या सवलतीवर फार विसंबता येत नाही.

आता प्रश्न खालच्या मर्यादेचा. वारा अजिबात नसेल तर फवारा जागच्या जागी पडेल, ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती चुकीची आहे. निरभ्र, शांत रात्री जमीन लवकर थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. भूगोलाच्या पुस्तकात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड हवा जड असल्याने वर जात नाही आणि वरची हवा खाली येऊन तिच्यात मिसळत नाही. अशा कोंडलेल्या थरात बारीक थेंब विरळ न होता तरंगत राहतात आणि उताराच्या दिशेने हळूहळू सरकतात. कित्येक शेते ओलांडून, वारा नसतानाही नुकसान झाल्याच्या तक्रारींमागे बहुधा हे कारण असते. हा थर सूर्यास्ताच्या सुमारास बांधला जाऊ लागतो आणि सूर्योदयानंतर तास-दीड तासाने मोडतो. तो आहे की नाही, हे चुलीच्या किंवा शेकोटीच्या धुरावरून कळते. धूर सरळ वर जाऊन विरला तर हवा मोकळी आहे. थोडा वर जाऊन आडवा पसरला आणि तसाच लोंबकळत राहिला, तर थांबावे. पानांवर भरपूर दव असणे हीसुद्धा तीच खूण आहे. शिवाय दवाने भिजलेल्या पानावर औषध पातळ होऊन ओघळते.

तापमान एकटे पाहून चालत नाही, सोबत हवेतला ओलावा पाहावा लागतो. ५० मायक्रॉनचा थेंब नोझलपासून पानापर्यंतचे अर्ध्या मीटरचे अंतर सुमारे सात सेकंदांत कापतो. २० अंश सेल्सियस आणि ८० टक्के आर्द्रतेत त्याचे आयुष्य १४ सेकंदांचे असते, म्हणजे तो पानावर पोचतो. ३० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत मात्र चार सेकंदांत त्यातले पाणी उडते. थेंब वाटेतच संपतो आणि उरलेला औषधाचा कण हवेवर निघून जातो. ऑस्ट्रेलियातले शेतकरी यासाठी कोरड्या आणि ओल्या तापमापीतल्या नोंदींचा फरक बघतात. तो २ ते ८ अंश असेल तर फवारणीला अनुकूल, १० च्या वर गेला तर बंद. २ च्या खाली आला तरी बरे नाही, कारण थेंब सुकत नाहीत आणि फार वेळ हवेत टिकतात. आपल्याकडे सोपा हिशेब असा ठेवता येतो: पारा ३० ते ३२ च्या वर आणि आर्द्रता ५० च्या खाली गेली की थांबायचे.

उन्हाचा आणखी एक हिशेब आहे, तो फवारणाऱ्या माणसाचा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि अनेकांचे प्राण गेले. त्या वेळी उंच वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणे आणि संरक्षक कपड्यांचा अभाव ही कारणे पुढे आली. दमट उकाड्यात मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून तासन् तास काम करणे अशक्यप्राय असते, आणि घामेजलेल्या कातडीतून औषध अधिक सहज आत शिरते. दुपार टाळण्यामागे हे कारण थेंबाच्या कारणापेक्षा मोठे आहे.

पावसाच्या अंदाजात शब्दांचा अर्थ नीट घ्यावा लागतो. भारतीय हवामान विभाग ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणतो, तेव्हा त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. ‘हलका’ म्हणजे दिवसभरात २.५ ते १५.५ मिलिमीटर, ‘मध्यम’ म्हणजे ६४.४ पर्यंत. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यात आणि ‘मेघदूत’ ॲपवर पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा मिळते. पण हे सगळे दिवसाचे आकडे आहेत. तासाचा विचार शेतकऱ्यालाच करावा लागतो. जुलै-ऑगस्टची झड कधीही येते, म्हणून तेव्हा दोन दिवसांची उघडीप शोधणे हाच मार्ग. सप्टेंबरअखेरचा विजांचा पाऊस मात्र बहुधा दुपारनंतर येतो, आणि त्यामुळे सकाळ मोकळी मिळते.

औषध धुऊन जाणे हे ते पानात कुठे आहे यावर ठरते. स्पर्शजन्य औषध पानाच्या पृष्ठभागावरच राहते. ते आधी नीट सुकले पाहिजे. सुकल्यानंतरही सुमारे २५ मिलिमीटर पावसाने निम्मा थर जातो आणि ५० मिलिमीटरने बहुतेक सगळा. आंतरप्रवाही औषधाला पानात शिरायला साधारण चार ते सहा तास लागतात. त्यानंतरच्या पावसाने फारसे बिघडत नाही. नेमका अवधी औषधागणिक बदलतो, त्यासाठी लेबल वाचावेच लागते. स्टिकरने चिकटपणा वाढतो, पण सुकण्याआधी आलेल्या सरीपुढे त्याचे काही चालत नाही.

सप्टेंबरअखेरचा एक नमुन्याचा दिवस घेऊ. अंदाज असा: कमाल ३३, किमान २३ अंश, सकाळची आर्द्रता ९० टक्के, दुपारची ५५, वारा पश्चिमेचा ताशी ८ किलोमीटर, तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस. तुडतुड्यांसाठी आंतरप्रवाही कीटकनाशक मारायचे आहे. सहा वाजता दव आहे आणि धूर आडवा पसरलेला आहे, म्हणून सुरुवात नाही. आठच्या सुमारास पाने सुकतात, धूर वर जाऊ लागतो, पाने सळसळतात. इथून साडेअकरापर्यंतचा वेळ उपयोगाचा. पुढे ऊन चढते आणि वाराही वाढतो. वाढलेल्या कपाशीला एकरी सुमारे २०० लिटर पाणी लागते, म्हणजे १६ लिटरचे बारा-तेरा पंप. भरण्यासह एका पंपाला १५ मिनिटे धरली तर तीन तासांहून थोडे अधिक होतात. म्हणजे एका माणसाची एका सकाळची मजल एक एकर. नियोजन इथेच बिघडते. पाच एकर एका दिवसात उरकायचे ठरले, की दुपार आणि संध्याकाळ दोन्ही आपोआप त्यात ओढल्या जातात.

या शेताच्या पूर्व बांधाला गोठा आणि विहीर आहे. वारा पश्चिमेचा असल्याने पूर्वेच्या काही ओळी त्या दिवशी सोडायच्या आणि वारा फिरेल तेव्हा घ्यायच्या. उरलेल्या शेतात पूर्वेकडून सुरुवात करून उत्तर-दक्षिण ओळींनी जायचे, दर फेरीला एक ओळ पश्चिमेकडे सरकायचे आणि फवारा फक्त पूर्वेच्या बाजूला मारायचा. अशाने माणूस आपल्याच फवाऱ्यात शिरत नाही. मधमाश्यांसाठी संध्याकाळ बरी, कारण तेव्हा त्या फुलांवर नसतात. कपाशी फुलावर असताना हा विचार टाळता येत नाही. माश्यांना घातक म्हणून लेबलवर नोंद असलेले औषध सकाळी मारूच नये. पण संध्याकाळी वळवाची सर येऊ शकते आणि सूर्यास्ताला थर बांधला जातो, त्यामुळे चार ते साडेपाच एवढाच वेळ उरतो, तोही आकाश स्वच्छ असेल तर.

सव्वाअकराला काम संपले आणि पावणेचारला सर येऊन १८ मिलिमीटर पाऊस पडला, असे समजू. मधे साडेचार तास गेले, पाने सुकली होती, औषधाचा मोठा भाग पानात शिरला. लगेच दुसरी फवारणी करण्याचे कारण नाही. तीन-चार दिवसांनी झाडाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पानांवरचे तुडतुडे मोजावेत. पानामागे दोन-तीनच्या वर सापडले तरच फेरफवारणीचा विचार करावा. हेच ताम्रयुक्त स्पर्शजन्य बुरशीनाशक असते, तर १८ मिलिमीटरनेही त्याचा बराच भाग गेला असता, पण पुन्हा मारण्याइतका नव्हे. पुढच्या सरी मिळून एकूण पाऊस २५ च्या पुढे गेला आणि ठिपके वाढताना दिसले, तर मात्र पुन्हा मारावे लागते. पर्जन्यमापक जवळ नसेल, तर सरळ उभ्या भिंतींचा डबा उघड्यावर ठेवून साचलेले पाणी पट्टीने मोजले तरी हा हिशेब करता येतो.