निफ्टी शंभरने चढला, पैसे कुठे गेले?

वायद्यांच्या बाजारात उतरलेल्या किरकोळ गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा झाला, असं सेबीचाच अभ्यास सांगतो. तरीही ऑप्शन शिकायचेच असतील, तर खऱ्या पैशाला पहिले आठ महिने हात लावू नये आणि शिकायला एकच प्रकार घ्यावा. माझी निवड निफ्टीचा कॉल स्प्रेड. निफ्टीच्या ऑप्शनचा हिशेब रोखीत होतो. शेअरच्या ऑप्शनमध्ये मात्र मुदत संपताना शेअर्सची प्रत्यक्ष देवघेव अंगावर येऊ शकते, म्हणून नवख्याने तिकडे फिरकू नये.

पहिले चार महिने पुस्तक, वही आणि पेन्सिल. एनआयएसएमच्या इक्विटी डेरिव्हेटिव्ह्ज परीक्षेचं पुस्तक पुरेसं आहे, परीक्षा दिलीच पाहिजे असं नाही. त्यातून एक गोष्ट पक्की कळायला हवी: ऑप्शनच्या किमतीत निफ्टीच्या चालीइतकाच उरलेल्या दिवसांचाही भाव असतो.

हे आकड्यांत बघू. निफ्टी २५,००० वर आहे आणि एक्सपायरीला आठ दिवस आहेत. २५,००० चा कॉल १८० रुपयांना, तर २५,२०० चा ९० रुपयांना मिळतो, असं धरू. पहिला विकत घेतला, दुसरा विकला. निव्वळ खर्च ९० रुपये. जानेवारी २०२६ पासून निफ्टीचा लॉट ६५ चा आहे, म्हणजे ५,८५० रुपये लागले. दोन्ही कॉल शेवटपर्यंत ठेवले, तर खर्च सोडून याहून जास्त तोटा होत नाही. एक्सपायरीला निफ्टी २५,२०० च्या वर असेल, तर फायदा ७,१५० रुपये. त्याहून जास्त मात्र कधीच नाही.

आता चार दिवस गेले आणि निफ्टी २५,१०० वर आला. अंदाज बरोबर ठरला! बाजारातली चंचलता तेवढीच राहिली, तर २५,००० चा कॉल आता साधारण १८१ रुपयांना असेल आणि २५,२०० चा ८१-८२ ला. नुसता कॉल घेतलेल्याला शंभर अंकांच्या तेजीत जेमतेम एक रुपया मिळाला. बाकीची कमाई सरलेल्या दिवसांनी खाल्ली. स्प्रेडवाल्याला दहा रुपये मिळाले, कारण त्याने विकलेला कॉलही त्याच दिवसांत स्वस्त झाला. हे गणित स्वतः मांडता येईपर्यंत पाचवा महिना सुरू करू नये.

पाचव्या ते आठव्या महिन्यांत कागदी सौदे. इथे फसवणूक होते ती स्वतःचीच. स्क्रीनवर दिसणारा शेवटचा भाव लोक वहीत टिपतात, पण तो भाव तुम्हाला मिळेलच असं नाही. घेताना विक्रेता मागतो तो भाव लिहावा, विकताना ग्राहक देतो तो. स्प्रेडमध्ये येता-जाता चार ऑर्डरी होतात. प्रत्येकीत एक रुपया निसटला, तर लॉटमागे २६० रुपये गेले. ऑर्डरीमागे वीस रुपये दलाली धरली तर ती ८०, शिवाय कर. वरच्या सौद्यातला दहा रुपयांचा फायदा म्हणजे ६५० रुपये, आणि त्यातले निम्म्याहून जास्त वाटेतच संपले. सौदा करण्यापूर्वी कारण लिहावं आणि बाहेर कधी पडायचं तेही: स्प्रेडची किंमत निम्मी झाली की, किंवा एक्सपायरीच्या दोन दिवस आधी.

नवव्या महिन्यात खरे पैसे, एका वेळी एकच स्प्रेड. पण ‘छोटा’ सौदा इथे छोटा नसतो. एका सौद्यात भांडवलाच्या दोन टक्क्यांहून जास्त गमवायचं नाही ठरवलं, तर ५,८५० साठी जवळपास तीन लाख हवेत. पन्नास हजार असतील, तर हाच सौदा जवळपास बारा टक्क्यांचा होतो. दोन्ही स्ट्राइक जवळ घेतल्या की जोखीम घटते, पण खर्च तेवढाच राहतो आणि तोच सगळा फायदा गिळतो. तेवढं भांडवल नसेल तर कागदावरच राहणं शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑर्डरींचा क्रमही महत्त्वाचा. आधी खरेदी, मग विक्री. बाहेर पडताना आधी विकलेला कॉल परत घ्यायचा, मग घेतलेला विकायचा. उलट केलं तर विकलेला कॉल काही क्षण उघडा पडतो, मार्जिनची मागणी एकदम वाढते, आणि तेवढ्यात बाजार उसळला तर ५,८५० ची मर्यादा उरत नाही.

बाराव्या महिन्याअखेर हातात दहा-पंधरा सौदे असतील. एवढ्यावरून तुम्हाला बाजार कळतो की नाही, हे ठरत नाही. तेजीच्या चार महिन्यांत कॉल स्प्रेड कुणाचाही चालतो. तपासायचं ते वेगळंच. वहीत लिहिलेला भाव आणि मिळालेला भाव यांत किती फरक पडला? ठरवलेल्या दिवशी बाहेर पडलात का? एखाद्या सौद्यात आधी लिहिलेल्या कमाल तोट्यापेक्षा खर्च सोडूनही जास्त गेले असतील, तर विकलेला कॉल कुठे उघडा पडला ते शोधायचं आणि पाचव्या महिन्यापासून पुन्हा सुरुवात करायची.