दुपारचा तेलकटपणा आणि तीन उपाय

मे महिन्यातलं लग्न, मुहूर्त साडेबाराचा. दहाला केलेला मेकअप जेवणाच्या पंगतीपर्यंत टी-झोनवर, म्हणजे कपाळ आणि नाकावर, चमकू लागतो.

मॅट मॉइश्चरायझरमधली सिलिका किंवा स्टार्च तेल शोषते. पण तिचे कण काही तासांत भरून जातात आणि मग चमक परतते. ऑइल-कंट्रोल प्रायमरमध्ये बहुधा सिलिकॉनचा पातळ थर असतो. तो रंध्रांचे खळगे बुजवतो आणि त्यातली पावडर प्रकाश विखुरते. तेल मात्र आतून येतच राहतं. म्हणून तो वाटाण्याएवढाच घ्यावा आणि फक्त टी-झोनवर लावावा. मॉइश्चरायझर मुरण्याआधी लावला तर बोटाखाली त्याच्या बारीक गुठळ्या सुटतात.

दुपारी दोनला खरं काम ब्लॉटिंग पेपरचं. तो आधीच वर आलेलं तेल उचलतो. घासू नका, काही सेकंद नुसता दाबून धरा. कागद पारदर्शक झाला की समजा, तेल निघालं. त्यानंतरच पावडर लावा. तेलावरच थापली तर तिचे पोपडे दिसतात.

एकच वस्तू पर्समध्ये ठेवायची असेल, तर कागदच ठेवा.