बाह्य परिणाम व सार्वजनिक वस्तू

एखाद्या उत्पादनाचा खर्च वा लाभ व्यवहाराबाहेरील तिऱ्हाइतावर पडतो आणि किंमतीत उतरत नाही, तेव्हा त्यास बाह्य परिणाम म्हणतात. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन परिसरात कोळसा व चुनखडक सापडतात. अशा खनिज पट्ट्यात वाहतुकीची धूळ रस्त्याकडेच्या कापसावर बसल्यास त्याची प्रत उतरते; हा तोटा खाणीच्या हिशेबात येत नाही.

शेतकऱ्यांनी वर्गणी काढून रस्त्यावर पाणी का मारू नये? स्वच्छ हवा ही सार्वजनिक वस्तू आहे : एकाच्या उपभोगाने ती दुसऱ्यास कमी पडत नाही व वर्गणी न देणाऱ्यासही तीपासून वगळता येत नाही. त्यामुळे प्रत्येकजण इतरांच्या वर्गणीवर विसंबतो आणि पैसा पुरेसा जमत नाही. हीच फुकट्या लाभार्थीची समस्या होय. म्हणून शासनास हस्तक्षेप करावा लागतो.

आर्थर सेसिल पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये अशा प्रसंगी कर व अर्थसाहाय्य यांचा पुरस्कार केला. समजा, एक खाण धुळीचे तीन एकक सोडते व प्रत्येकामुळे ३०० रुपयांचे नुकसान होते. ते रोखण्याचा खर्च अनुक्रमे १००, २५० व ५०० रुपये आहे. एककास ३०० रुपये कर असल्यास खाण पहिले दोन एकक रोखील व तिसऱ्यावर कर भरील. रोखलेल्या एककास ३०० रुपये साहाय्य दिले, तरी ती तेवढेच रोखील.

मात्र खाणीच्या नफ्यावरील परिणाम वेगळा असतो. करामुळे तिला ६५० रुपयांचा भार पडतो, तर साहाय्यामुळे २५० रुपये शिल्लक राहतात. मूळ नफा ४०० रुपयेच असेल, तर करामुळे ती बंद पडेल. समाजाच्या दृष्टीने ते इष्टच, कारण धूळ रोखण्याचा खर्च व उरलेले नुकसान मिळून ६५० रुपये होतात. साहाय्य मिळाल्यास मात्र ती चालू राहील. इतकेच नव्हे, तर नव्या खाणीही निघून एकूण धूळ वाढू शकेल.

कर कशावर बसतो, हेही महत्त्वाचे ठरते. भारतात २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला व २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये त्याची जागा वस्तू व सेवा कराच्या भरपाई उपकराने घेतली. तोही २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरून उठला. टनावरील उपकराने कोळसा महाग होतो. पण ट्रक झाकणाऱ्या व न झाकणाऱ्या खाणीस तो सारखाच पडतो. त्यामुळे धूळ रोखण्यास तो प्रवृत्त करीत नाही. त्यासाठी धूळच मोजावी लागते; ते खर्चिक असल्याने ट्रक झाकणे, पाणी मारणे यांसारखे थेट निर्बंधही आवश्यक ठरतात.