बेरीज जुळत नाही, तेव्हा चूक शोधायची कुठे?

आज आपण प्रस्तावातल्या अंदाजपत्रकाबद्दल बोलणार आहोत. कागद-पेन जवळ असेल तर घ्या, थोडी बेरीज करायची आहे.

आमच्याकडच्या एका गटाने मसाला उद्योगासाठी अनुदानाचा प्रस्ताव ऑनलाइन भरला. चार दिवसांनी सचिवताईंचा फोन आला, "ताई, खालची बेरीज जुळत नाहीये. आम्ही एकूण आकडा बदलून टाकू का?" मी म्हटलं, थांबा. एकूण आकडाच चुकला आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? एखादी ओळही चुकलेली असू शकते.

आधी अपलोड झालेली प्रत परत उतरवून घेतली. आपल्या मोबाइलमधली फाइल आणि तिकडे गेलेली फाइल एकच असेल असं नाही; घाईत जुनीच जाते. मग त्या प्रतीवरून कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज केली. शेड दुरुस्ती आणि वीज ४५,०००, मिरची कांडप मशीन १,२०,०००, सीलिंग मशीन आणि वजनकाटा १८,५००, कच्चा माल ६३,०००, पाकिटं आणि लेबल २१,६००, प्रशिक्षण ६,०००, मानधन २४,०००. बेरीज आली २,९८,१००. खाली लिहिलं होतं ३,०२,६००. म्हणजे ४,५०० चा फरक.

या फरकाकडे नीट बघायचं, कारण चुकीचा माग त्यातच असतो. फरक एखाद्या ओळीएवढाच निघाला, तर ती ओळ बेरजेत धरायची राहिली असं समजा. इथे ४,५०० ची ओळच नव्हती. मग फरकाला ९ ने भागून बघायचं. शेजारचे दोन अंक उलटे टाइप झाले, १६ चे ६१ झाले, की फरक नेहमी ९ ने पूर्ण भागला जातो. ४,५०० भागिले ९, आले ५००. हा ५ शतकाच्या घरात आहे. म्हणजे हजार आणि शतकाच्या घरातले अंक उलटे झाले असावेत, आणि त्या दोघांत ५ चा फरक असावा. शिवाय ओळींची बेरीज कमी भरतेय, म्हणजे ओळीत मोठा अंक मागे गेलेला असणार. अशी ओळ एकच होती, पाकिटांची: २१,६००. अंक फिरवले की २६,१००.

पण हा नुसता संशय झाला. ९ ने भाग जाणं दुसऱ्या चुकीमुळेही होतं, आणि दोन चुका एकदम असतील तर ही युक्ती चालत नाही. पुरावा हिशोबाच्या वहीत असतो. वहीत लिहिलं होतं, ५,८०० पाकिटं, लेबलसकट दर साडेचार रुपये. गुणाकार करून बघा, २६,१०० येतात. म्हणजे एकूण आकडा बरोबर होता, तो वहीवरून उतरवला होता. टाइप करताना ओळ चुकली होती.

सचिवताईंनी एकूण आकडा २,९८,१०० केला असता तर बेरीज छान जुळली असती, आणि पाकिटांचे ४,५०० रुपये पुढे बायकांच्या खिशातून गेले असते. गटाचा १० टक्के वाटा ३०,२६० लिहिला होता, तोही मग जुळला नसता. अर्जातल्या चौकटीत, अर्जासोबतच्या पत्रात आणि अक्षरी रकमेतही तोच एकूण आकडा असतो. एक बदलला की सगळे बदलावे लागतात.

एक्सेलमध्ये बेरीज केली म्हणून निर्धास्त राहू नका. याच यादीत रकमा दुसऱ्या ते आठव्या रांगेत आहेत. मानधनाची ओळ मागाहून खाली जोडली आणि सूत्र `=SUM(C2:C7)` असंच राहिलं, तर २४,००० सुटतात. तिथे `=SUM(C2:C8)` हवं. आणि चौकटीत "२४,००० रु." असं अक्षरांसकट लिहिलं, तर एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि बेरजेत धरत नाही. असा आकडा बहुधा चौकटीत डावीकडे चिकटलेला दिसतो, बाकीचे उजवीकडे असतात. माझीसुद्धा एकदा यात अर्धी दुपार गेली आहे.

या गटाची मुदत अजून दोन दिवस होती आणि संकेतस्थळावर फाइल बदलायची सोय होती, म्हणून दुरुस्त प्रत चढवली आणि नवीन पोच काढून ठेवली. मुदत संपलेली असेल तर कार्यालयाला लेखी पत्र द्यावं: अमुक ओळीत २१,६०० ऐवजी २६,१०० वाचावे, एकूण रकमेत बदल नाही. सोबत वहीतल्या त्या पानाची आणि पाकिटांच्या दरपत्रकाची प्रत जोडावी, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा.