बिलातले आठ डॉलर कुठे गेले?

संगणकावरचे खेळ विकणारे ‘स्टीम’ हे ऑनलाइन दुकान अमेरिकेतली व्हॉल्व्ह कंपनी चालवते. या दुकानाने २०१६ मध्ये बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते बंद केले. बंद करताना कंपनीने दिलेले कारण आजही मोलाचे आहे. सुरुवातीला एका व्यवहारामागे बिटकॉइनच्या जाळ्याची फी सुमारे २० सेंट होती. ती वाढत वाढत २० डॉलरच्या आसपास पोचली होती. त्यात बिटकॉइनचा भाव ठरावीक मुदतीपुरताच बांधून दिलेला असे. मुदतीत व्यवहार झाला नाही की बिलाला पैसे कमी पडत. मग आलेले पैसे परत करा, नाहीतर उरलेले मागवा, असे दोनच मार्ग राहत आणि दोन्हींत पुन्हा एकदा फी जाई. उरलेले पैसे मागवले तरी ते पोचेपर्यंत भाव हलून बिल पुन्हा अपुरे राहण्याची भीती होतीच.

फी एरवी एवढी चढलेली नसते. पण क्रिप्टो घेणाऱ्या लहान दुकानदारांना आजही हाच गुंता सोडवावा लागतो. ग्राहक शपथेवर सांगतो की मी पूर्ण रक्कम पाठवली, आणि दुकानदाराचा पडदा सांगतो की बिल अपुरे आहे. बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी निवडले आहेत. बिल १०० डॉलरचे आहे आणि त्या क्षणी एका बिटकॉइनचा भाव ८०,००० डॉलर आहे. बिलावर रक्कम येते ०.००१२५ बिटकॉइन, सोबत एक पत्ता आणि १५ मिनिटांचे उलटे घड्याळ. ग्राहकाचे बिटकॉइन एका एक्स्चेंजमधल्या खात्यात आहेत. तो तिथे ‘काढा’ या पानावर दुकानाचा पत्ता टाकतो, रकमेच्या चौकटीत ०.००१२५ लिहितो आणि बटण दाबतो. त्या एक्स्चेंजची काढण्याची फी ०.०००१ बिटकॉइन आहे आणि ती लिहिलेल्या रकमेतूनच वजा होते. दुकानात पोचतात ०.००११५ बिटकॉइन, म्हणजे ९२ डॉलर. पूर्वी पोस्टात मनिऑर्डर करताना कमिशन पाठवणारा वेगळे भरायचा आणि घरी पूर्ण रक्कम पोचायची. इथे कमिशन रकमेच्या पोटातून कापले गेले.

स्वतःच्या मोबाइलमधल्या वॉलेटमधून पाठवताना सहसा असे होत नाही, कारण तिथे फी रकमेच्या वर आकारली जाते. पण अपवाद आहे. ग्राहकाने बिलापुरतेच, बरोबर ०.००१२५ बिटकॉइन वॉलेटमध्ये आणून ठेवलेले असतात. फीसाठी वर काही उरलेले नसते, म्हणून तो ‘सगळे पाठवा’ निवडतो आणि वॉलेट त्यातूनच फी काढते.

तूट कोणत्या वाटेने आली हे दुकानदाराला ओळखता येते. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार सार्वजनिक वहीत असतो आणि व्यवहाराचा क्रमांक टाकला की कोणालाही तो पाहता येतो. त्या व्यवहारात किती बिटकॉइन आत आले आणि किती बाहेर गेले यातला फरक म्हणजे जाळ्याची फी. ती वेगळी कुठे लिहिलेली नसते, हा फरक हीच ती. आता बिलातली तूट या फीशी ताडून पाहायची. दोन्ही आकडे अगदी जुळले, तर बहुधा वॉलेटने रकमेतून फी कापली. तूट ०.०००१ सारखी गोल आहे आणि जाळ्याची फी काही वेगळीच आहे, तर हात एक्स्चेंजचा समजावा, कारण एक्स्चेंज आपल्या ग्राहकाकडून ठरावीक रक्कम घेते आणि जाळ्याला प्रत्यक्षात किती द्यायची ते स्वतः ठरवते. आणि रक्कम शेवटच्या अंकापर्यंत बरोबर असूनही बिल अपुरे किंवा मुदतबाह्य दिसत असेल, तर दोष फीचा नसून घड्याळाचा आहे.

घड्याळाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. १५ मिनिटांत व्यवहार पक्का व्हावा लागतो, असे ग्राहकांना वाटते. बिटकॉइनचा नवा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो आणि कधी कधी तासभरही रखडतो, त्यामुळे अशी अट घातली तर कितीतरी बिले बुडतील. सर्वसाधारणपणे व्यवहार मुदतीत जाळ्यावर दिसला तरी पुरते. तो पक्का होण्याची वाट नंतर पाहिली जाते. अडचण येते ती तो दिसायलाच उशीर झाला तर. एक्स्चेंज कधी सुरक्षेसाठी व्यवहार तपासून मग सोडते, कधी अनेक ग्राहकांचे व्यवहार एकत्र करून पाठवते. ग्राहकाने पाचव्या मिनिटाला बटण दाबले आणि एक्स्चेंजने चाळिसाव्या मिनिटाला पाठवले, एवढ्यात भाव तीन टक्के उतरला, तर तेच ०.००१२५ बिटकॉइन आता ९७ डॉलरचे आहेत.

बीटीसीपे सर्व्हर या मुक्त सॉफ्टवेअरवर या दोन अवस्था वेगळ्या नोंदवल्या जातात: तुटीच्या बिलाला `PaidPartial` आणि उशिराच्या बिलाला `PaidLate`. मुदत संपल्यावरही काही काळ ते पत्त्यावर लक्ष ठेवते, म्हणून उशिराचे पैसे नजरेआड होत नाहीत. दुकानदार ठरवून असे बिल हाताने पूर्ण झाले म्हणून लावू शकतो. भाव उतरल्याने आलेली तीन डॉलरची तूट दुकानदाराने सोसावी, असे माझे मत आहे. ग्राहकाने वेळेत बटण दाबले होते आणि पुढचा उशीर त्याच्या हातात नव्हता.

फीच्या तुटीला मात्र तेवढी सोपी वाट नाही. ‘एक टक्क्यापर्यंत कमी आले तरी बिल पूर्ण समजा’ अशी सूट या सॉफ्टवेअरमध्ये ठेवता येते. पण एक्स्चेंजची फी टक्क्यात नसून ठरावीक रकमेत असते. १०० डॉलरच्या बिलात ते आठ टक्के आहेत, १६ डॉलरच्या बिलात तेच आठ डॉलर निम्मे बिल खातात, आणि २००० डॉलरच्या बिलात अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतात. सगळ्यांना पुरेल अशी सूट ठेवायची, तर मोठ्या बिलांवर मुद्दाम कमी पाठवणाऱ्याला दार उघडे होते.

उरलेले ०.०००१ बिटकॉइन मागवावेत, तर ग्राहकाला चौकटीत ०.०००२ लिहावे लागतात, कारण फी पुन्हा कापली जाते. आठ डॉलरची तूट भरायला सोळा डॉलर. शिवाय एक्स्चेंजची काढण्याची किमान मर्यादा त्याहून मोठी असली, तर एवढी लहान रक्कम पाठवताच येत नाही. म्हणून खरा उपाय पहिल्याच वेळी, पैसे निघण्याआधी करावा लागतो. एक्स्चेंजच्या पानावर लिहिलेल्या रकमेखाली ‘समोरच्याला मिळतील’ असा दुसरा आकडा बहुधा दिसतो. बिलाशी जुळवायचा तो हा आकडा. आपल्या उदाहरणात चौकटीत ०.००१३५ लिहिले की खाली ०.००१२५ दिसले असते. दुकानदाराने बिलाच्या पानावर, पत्त्याच्या अगदी वर, हे एक वाक्य लिहून ठेवले तर बरीच पत्रापत्री वाचते.

लाइटनिंग या बिटकॉइनवरच्या जलद जाळ्यात ही अडचण मुळातच कमी आहे. तिथे रक्कम आणि मुदत दोन्ही बिलातच कोरलेली असतात आणि फी पाठवणाऱ्याकडून वर घेतली जाते. रक्कम कमी असली तर घेणाऱ्याच्या बाजूने ती नाकारली जाते आणि पाठवणाऱ्याकडे परत जाते. अर्थात ग्राहकाच्या एक्स्चेंजने लाइटनिंगची सोय दिलेली असेल तरच.

पैसे परत करायची वेळ आलीच, तर आलेल्या पत्त्यावर ते उलट पाठवू नयेत. एक्स्चेंजमधून आलेले पैसे तिच्या सामाईक वॉलेटमधून निघालेले असतात. त्या पत्त्यावर पाठवलेली रक्कम कोणत्या ग्राहकाची हे एक्स्चेंजला कळत नाही, आणि ती सोडवून घ्यायला आठवडे लागू शकतात किंवा ती मिळतही नाही. ग्राहकाकडून नवा पत्ता लेखी मागवावा, आणि परतफेड आलेल्या बिटकॉइनइतकी की त्या दिवशीच्या डॉलरइतकी हे आधी ठरवून घ्यावे. दुकानाच्या अटींत हे बिल निघण्यापूर्वीच लिहिलेले असेल, तर भाव वर गेला असो की खाली, दोन्ही बाजूंना एकच हिशेब लागू होतो.