‘शेवटी काय तर’ला पर्याय

इंग्रजी भाषणांत ‘ॲट द एंड ऑफ द डे’ इतके बोकाळले की २००४ मध्ये ब्रिटनमधील प्लेन इंग्लिश कॅम्पेन या संस्थेने आपल्या पाठीराख्यांना सर्वांत वैतागवाणा शब्दप्रयोग विचारला, तेव्हा पहिला क्रमांक त्यालाच मिळाला. मराठी व्यासपीठावर हे काम ‘शेवटी काय तर’ आणि ‘सरतेशेवटी’ करतात. इंग्रजीवरून जसेच्या तसे उचललेले ‘दिवसाच्या शेवटी’ही आता ऐकू येते, ते या सगळ्यांत वाईट, कारण त्यात दिवसाचा काही संबंधच नसतो.

अशा शब्दांना पर्याय शोधण्याआधी ते वाक्यात काय करतात हे पाहावे लागते. त्यासाठी ते गाळून वाक्य मोठ्याने वाचावे. अर्थ तसाच राहिला, तर वक्ता त्या जागी केवळ पुढचे वाक्य जुळवत होता. तिथे नवा शब्द नको, क्षणभर थांबणे पुरते. वाक्य गाळल्यावर तुटक वाटले, तर वक्ता दोन गोष्टी तोलत होता आणि त्यांतली एक सांगायची राहून गेली होती. बहुतेक वेळा असेच निघते.

समजा, गावच्या नळपाणी योजनेच्या उद्घाटनात वक्ता म्हणतो, ‘शेवटी काय तर, योजना यशस्वी करणे तुमच्याच हातात आहे.’ टाळ्या पडतात, पण कोणी काय करायचे ते कळत नाही. इथे तोललेल्या दोन गोष्टी म्हणजे सरकारचा एकदाच होणारा खर्च आणि गावाचा कायमचा. त्या उघड केल्या की वाक्य असे होते: ‘जलवाहिनी सरकारने टाकली. पंपाचे वीजबिल मात्र तुमच्या पाणीपट्टीतून भरायचे आहे. पट्टी थकली, की पंप बंद.’ यात नवा वाक्प्रचार एकही नाही. घिसेपिटे शब्द जिथे येतात, तिथे बहुधा एखादी अवघड गोष्ट सांगायची टाळलेली असते; ती सांगितली की त्या शब्दांची गरज उरत नाही.

उलट, जुन्या शब्दांच्या जागी नटवी उपमा आणली की श्रोता उपमेतच अडकतो. छापील मजकुरात नेहमी दिसणारी उपमा वापरू नये, असा नियम जॉर्ज ऑर्वेलने १९४६ च्या निबंधात घातला होता. तो भाषणालाही लागू पडतो, पण जपून. वाचकाला मागचे पान उलटता येते, श्रोत्याला नाही. त्यामुळे ‘आता शेवटचा मुद्दा’ हे शब्द कितीही जुने असले तरी उपयोगी आहेत. अट एवढीच, की तो मुद्दा खरोखर शेवटचा असावा. चौथ्यांदा ‘शेवटचा मुद्दा’ आला की सभागृहात चपला शोधणे सुरू होते.

उत्स्फूर्त बोलताना हे शब्द सर्वाधिक येतात ते समारोपात, कारण थांबायचे कुठे हे ठरलेले नसते. म्हणून टिपणात बाकी मुद्दे नुसते टिपले तरी चालतात; अखेरची दोन वाक्ये मात्र पूर्ण लिहून ठेवावीत.