हेअर डायचं खोकं नीट वाचायचं असेल तर...

मावशीने परवा व्हॉट्सअ‍ॅपवर हेअर डायच्या खोक्याचे दोन फोटो पाठवले. पुढच्या बाजूला चमकदार केसांची मॉडेल, 'अमोनिया फ्री' अशी ठसठशीत अक्षरं आणि कोपऱ्यात ५.३. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना. खाली तिचा प्रश्न होता: "मॉडेलसारखाच रंग येईल ना गं?" उत्तर पुढच्या फोटोत नव्हतं, मागच्या बारीक मजकुरात होतं.

तो मजकूर समजण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ट्यूबमध्ये तयार रंग नसतो. रंग ज्यापासून बनतो ती रसायनं असतात, आणि तीही जवळजवळ रंगहीन. म्हणून ट्यूब दाबली की पांढरट, फिकट क्रीम बाहेर येतं. त्यात डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, मिसळलं की काही मिनिटांत वाडग्यातलं मिश्रण काळपटू लागतं. वरचा, हवेला लागलेला थर आधी गडद होतो. हेच रेणू अगदी लहान असताना केसाच्या आत शिरतात, तिथे एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि मग धुतल्यावरही बाहेर पडत नाहीत. म्हणजे रंग डोक्यावर, केसाच्या आत, अर्ध्या-पाऊण तासात बनत असतो. आकडा, प्रमाण, वेळ आणि चाचणी या चारही सूचनांचं मूळ तिथे आहे.

आता आकडा. दशांशाच्या आधीचा अंक केस किती गडद ते सांगतो. १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. ४ ब्राऊन, ५ लाइट ब्राऊन. दशांशानंतरचा अंक छटा सांगतो. ३ म्हणजे बहुतेक ठिकाणी सोनेरी. पण छटांचे अंक कंपनीगणिक बदलतात. एका कंपनीचा ६ लाल असतो, तर दुसरीचा ६ जांभळट. म्हणून ब्रँड बदलला की आकडा तोच आहे म्हणून खोकं उचलू नये. त्यावरच्या छटेचं नाव वाचावं.

मावशीचे मूळ केस काळे, पण कानशिलांवर जवळजवळ सगळे पांढरे झालेत. ५.३ लावल्यावर काय होईल? काळ्या केसांवर उन्हात जेमतेम तपकिरी झाक दिसेल, कारण घरगुती डाय काळे केस फारसे उजळ करत नाही. पांढऱ्या केसात मात्र स्वतःचा रंगच नसतो, त्यामुळे तिथे सोनेरी छटा उघडी पडेल आणि कानशिलं पिवळट-तांबूस दिसतील. म्हणजे एकाच डोक्यावर दोन रंग. पांढरे केस जास्त असतील तर छटा नसलेला, नुसता ३ किंवा ४ घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. खोक्याच्या मागे 'आधीचे केस' आणि 'नंतरचे केस' अशा छोट्या चौकोनांचा तक्ता असतो. मॉडेलकडे पाहण्यापेक्षा तो पाहावा.

प्रमाणाच्या बाबतीत सर्वांत जास्त गफलत अर्धी ट्यूब वापरताना होते. या खोक्यावर १:१.५ असं प्रमाण होतं. ट्यूब ४० ग्रॅम, डेव्हलपर ६० मिलि. फक्त कानशिलं आणि भांग रंगवायचा तर २० ग्रॅम क्रीमला ३० मिलि डेव्हलपर घ्यावं लागेल. अर्ध्या ट्यूबमध्ये पूर्ण बाटली ओतली तर प्रमाण १:३ होतं. मिश्रण पातळ होऊन गळतं आणि रंग फिका चढतो. डेव्हलपर कमी पडलं तर क्रीम घट्ट राहतं आणि रंग पूर्ण उमलत नाही. बाटलीवर ६% किंवा २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. दोन्हींचा अर्थ एकच, त्या पेरॉक्साइडची ताकद. वाडगा प्लास्टिकचा किंवा काचेचा घ्या, धातूचा नको, कारण धातूमुळे पेरॉक्साइडचं विघटन होऊ शकतं. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका. आत वायू तयार होत राहतो आणि बाटली फुटू शकते. न मिसळलेलं क्रीम मात्र झाकण घट्ट लावून ठेवता येतं. किती दिवस, ते खोक्यातल्या पत्रकात पाहावं.

वेळेची सूचना बऱ्याच जणी लवचिक समजतात. अर्धा तास लिहिला असेल तर तासभर ठेवला की रंग जास्त पक्का होईल, असा समज आहे. तसं होत नाही. दिलेल्या वेळेत रंग बनण्याची क्रिया जवळपास पूर्ण होते. त्यापुढे टाळू फक्त रसायनांत भिजत राहते. उलट पंधरा मिनिटांत धुतलं तर रेणू पुरेसे मोठे झालेले नसतात, रंग लवकर उतरतो आणि पांढरे केस पुन्हा डोकावतात. वेळ लावायला सुरुवात केल्यापासून मोजायचा की लावून झाल्यावर, हेही पत्रकात दिलेलं असतं. आधीच रंगवलेल्या केसांना दर वेळी मुळापासून टोकापर्यंत रंग लावू नये. आधी नव्याने उगवलेल्या मुळांना लावावा आणि शेवटच्या काही मिनिटांत बाकी केसांवर ओढून घ्यावा. नाहीतर टोकं दर महिन्याला अधिक काळी आणि अधिक रुक्ष होत जातात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणजे पॅच टेस्ट. घटकांच्या यादीत पॅरा-फेनिलिनडायअमीन, थोडक्यात पीपीडी, हे नाव शोधा. गडद रंगांमध्ये ते फार वेळा असतं आणि डायच्या अ‍ॅलर्जीचं ते मोठं कारण आहे. मावशीच्या खोक्यावर 'अमोनिया फ्री' मोठ्या अक्षरांत होतं, पीपीडी मात्र मागे बारीक अक्षरांत. अमोनिया नसला तर वास कमी येतो, अ‍ॅलर्जीचा धोका कमी होतोच असं नाही. पुडीतल्या 'काळ्या मेंदी'तही अनेकदा पीपीडीच असतं. नुसत्या मेंदीच्या पानांनी केस केशरी-तांबूस होतात, काळे होत नाहीत.

भारतात अशा डायवर चाचणीची सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापणं नियमानेच बंधनकारक आहे. कानामागची किंवा कोपराच्या आतल्या बाजूची जागा साबणाने धुऊन कोरडी करावी, पत्रकात सांगितल्याप्रमाणे थोडंसं मिश्रण लावावं आणि वाळू द्यावं. नियमातल्या सूचनेत २४ तास थांबायला सांगितलं आहे. अनेक खोक्यांवर ४८ तास असतात, आणि ४८ तासच थांबावं. ही अ‍ॅलर्जी उशिरा उमटते, पहिल्या रात्री अनेकदा काहीही दिसत नाही. खाज, लाली, सूज किंवा बारीक पुरळ आलं तर तो डाय वापरायचाच नाही.

"मी दहा वर्षं हेच लावतेय, आता कसली टेस्ट?" असं मावशीने विचारलंच. शरीर पीपीडीला हळूहळू ओळखायला शिकतं. दहा वर्षं काहीच न होता अकराव्या वर्षी पापण्या सुजून डोळे मिटतात, असं होऊ शकतं. एकदा अ‍ॅलर्जी झाली की ती सहसा कायम राहते. म्हणून ही चाचणी प्रत्येक वेळी करायची असते. भुवयांना आणि पापण्यांना हा डाय अजिबात लावू नका. त्याने दृष्टी जाऊ शकते, असा इशाराही त्याच सूचनेत असतो.

चेहरा सुजला किंवा टाळूवर फोड आले तर डोकं भरपूर पाण्याने धुऊन लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट रुग्णालय गाठा. आणि जाताना खोकं सोबत न्या, कारण कोणत्या घटकाने त्रास झाला हे शोधायला डॉक्टरांना त्यावरच्या यादीची मदत होईल.